सोडियमचे उरलेले तुकडे आणि अल्कोहोलची संथ गती

रसायनशास्त्राच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना लासेनची चाचणी करावीच लागते. हाती दिलेल्या अनोळखी सेंद्रिय पदार्थात नायट्रोजन, गंधक किंवा क्लोरीनसारखं मूलद्रव्य आहे का, हे ती सांगते. त्यासाठी केरोसीनच्या बाटलीतून सोडियमचा गोळा चिमट्याने बाहेर काढतात आणि फिल्टर पेपरवर टिपतात. सुरीने वरची पांढुरकी साल तासली, की आतली रुपेरी, मेणासारखी मऊ धातू दिसते. तिचा इवलासा तुकडा ज्वलननळीत जातो आणि पदार्थासोबत लालबुंद तापवला जातो. पुढचं सगळं चाचणीच्या वहीत लिहिलेलं असतं. तासलेली साल, टेबलावर पडलेला चुरा, सुरीच्या पात्याला चिकटलेला थर आणि धातूचे कण लागलेला टिपकागद यांचं काय करायचं, हे मात्र वहीत क्वचितच सापडतं.

संशोधनाच्या प्रयोगशाळांमध्ये हा उरलेला माल जास्त असतो. ईथर किंवा टेट्राहायड्रोफ्युरान (टीएचएफ) यांसारख्या द्रावकांतला पाण्याचा शेवटचा अंश काढायला सोडियमची तार वापरतात. बर्च रिडक्शन या अभिक्रियेत द्रवरूप अमोनियात सोडियम किंवा लिथियम विरघळवतात. प्रत्येक वेळी थोडी धातू उरते, कडा कापल्या जातात आणि जुन्या बाटलीच्या तळाशी काळपट झालेले तुकडे साठत जातात. ते तसेच टाकता येत नाहीत. आधी त्यांच्यातली रासायनिक ओढ संपवावी लागते. प्रयोगशाळेत याला क्वेंच करणं म्हणतात, आणि त्यासाठी अल्कोहोल वापरतात.

अल्कोहोलच का, हे कळायला आधी पाण्याचं काय होतं ते पाहावं लागेल. सोडियम पाण्यात पडलं की पाण्याच्या रेणूतला एक हायड्रोजन सुटतो, सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोडा तयार होतो आणि भरपूर उष्णता बाहेर पडते. सोडियमची घनता ०.९७, म्हणजे पाण्याहून किंचित कमी असल्यामुळे तुकडा तरंगतो. सोडियम सुमारे ९८ अंश सेल्सिअसला वितळतं, तर पाणी १०० अंशांना उकळतं. म्हणजे पाणी उकळून उष्णता वाहून न्यायला लागण्याच्या आधीच धातू वितळलेली असते. तिचा चकचकीत गोळा होतो आणि तो पाण्यावर सैरावैरा धावू लागतो. हायड्रोजन नेमका तिथेच बाहेर पडतो जिथे हवा आहे आणि तापलेली धातूही आहे. हवेत हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असलं तरी मिश्रण पेट घेऊ शकतं, आणि त्यासाठी लागणारी ठिणगी अगदी क्षुल्लक असते.

हायड्रोजन पेटण्याआधीही एक घटना घडते. प्रागच्या पावेल युंगविर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने या स्फोटाचं चित्रण केलं आणि २०१५ मध्ये ‘नेचर केमिस्ट्री’मध्ये ते प्रसिद्ध केलं. धातूचा थेंब पाण्याला टेकताच त्यातले इलेक्ट्रॉन पाण्यात निघून जातात. मागे उरलेले धनभारित अणू एकमेकांना ढकलतात आणि मिलिसेकंदाहूनही कमी वेळात थेंबातून धातूच्या सुया सर्व बाजूंना फुटतात. पाण्याशी भिडणारा पृष्ठभाग त्यामुळे एका क्षणात कित्येक पटींनी वाढतो. म्हणून बेसिनमध्ये टाकलेला सोडियमचा तुकडा कधी नुसता फुरफुरतो, तर तेवढाच दुसरा तुकडा कानठळ्या बसवतो. कोणता तुकडा कसा वागेल, हे आधी सांगता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या लेनोर सरोवरात सोडियमची पिंपं उतारावरून गडगडत नेऊन पाण्यात सोडली गेली. त्याचं सरकारी चित्रण आजही पाहायला मिळतं. धातू नको झाली की ती पाण्यात टाकायची, ही कल्पना किती दूरवर जाऊ शकते, हे त्यात दिसतं.

अल्कोहोलच्या रेणूत पाण्यासारखाच ऑक्सिजनला जोडलेला एक हायड्रोजन असतो. दुसऱ्या बाजूला मात्र कार्बनची साखळी असते. सोडियम तोच हायड्रोजन काढून घेतं आणि सोडियम अल्कॉक्साइड नावाचं क्षार तयार होतं. अभिक्रिया त्याच जातीची आहे, पण ती पुष्कळ सावकाश चालते. सावकाश चालण्याची कारणं वेगवेगळी आहेत आणि ती एकमेकांना हात देतात.

पहिलं कारण रेणूंच्या संख्येचं आहे. एक लिटर पाण्यात जितके रेणू असतात, त्याच्या साधारण चौथा हिस्साच एक लिटर आयसोप्रोपेनॉलमध्ये असतात, कारण आयसोप्रोपेनॉलचा रेणू मोठा आहे. शिवाय कार्बनच्या फांद्या जितक्या जास्त, तितका तो हायड्रोजन सोडायला अल्कोहोल नाखूश असतं. दुसरं कारण उकळबिंदूचं. इथेनॉल सुमारे ७८ अंशांना उकळतं, आयसोप्रोपेनॉल सुमारे ८२ अंशांना. दोन्ही आकडे सोडियमच्या ९८ अंशांच्या खाली आहेत. भोवतालचं अल्कोहोल उकळायला लागलं की जास्तीची उष्णता वाफेवाटे निघून जाते आणि धातू सहसा घनरूपच राहते. तिचा थेंब होत नाही, पृष्ठभाग अचानक वाढत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, आणि पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख फारसा होत नाही. अल्कोहोलची घनता ०.७९च्या आसपास असते. पाण्यावर तरंगणारं सोडियम अल्कोहोलमध्ये बुडतं. बुडालेल्या तुकड्याला चारही बाजूंनी थंड द्रव मिळतो आणि हायड्रोजन तापलेल्या धातूपासून दूर, द्रवाच्या पृष्ठभागावर बाहेर येतो. बुडबुडे चिकटल्यामुळे तुकडा मधूनमधून वर येतो आणि पुन्हा खाली जातो. तेवढ्यासाठी फ्लास्कमध्ये हवा नसलेली बरी.

कोणतं अल्कोहोल, याचंही उत्तर गतीवरच ठरतं. मिथेनॉल सर्वांत चपळ, त्यानंतर इथेनॉल, मग आयसोप्रोपेनॉल आणि सर्वांत संथ टर्ट-ब्युटेनॉल. हे शेवटचं सुमारे २५ अंशांखाली गोठतं, म्हणून थंडीच्या दिवसांत बाटलीत त्याचे स्फटिक दिसतात. त्याचा खरा उपयोग पोटॅशियमसाठी होतो. सोडियमसाठी सुरुवात आयसोप्रोपेनॉलने करावी आणि जोर ओसरला की इथेनॉल, शेवटी थोडं मिथेनॉल, अशा चढत्या क्रमाने जावं, हे मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. बाटलीवरचं लेबल मात्र नीट वाचायला हवं. कोविडनंतर प्रत्येक कपाटात सॅनिटायझर किंवा ७० टक्के आयसोप्रोपेनॉल आलं आहे. त्यातलं उरलेलं जवळजवळ सगळं पाणीच असतं. ते सोडियमवर ओतणं म्हणजे पाणीच ओतणं.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, सत्र संपताना एका विभागाकडे सोडियमचे ५ ग्रॅम तुकडे केरोसीनखाली साठले आहेत. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या ‘प्रूडन्ट प्रॅक्टिसेस इन द लॅबोरेटरी’ या पुस्तकात एका ग्रॅम सोडियमसाठी ९५ टक्के इथेनॉल १३ मिलिलिटर, असं प्रमाण दिलं आहे. म्हणजे ५ ग्रॅमसाठी ६५ मिलिलिटर. रासायनिक हिशोबाने एका ग्रॅमला अडीच मिलिलिटरच पुरतात. उरलेलं सगळं उष्णता शोषायला आणि तयार झालेलं क्षार विरघळवायला असतं. याच ५ ग्रॅमपासून खोलीच्या तापमानाला अडीच लिटरहून थोडा जास्त हायड्रोजन निघतो. तो झडपेवाटे निर्धोक बाहेर गेला पाहिजे. म्हणून ज्या भांड्यात हे काम चालतं, ते कधीही घट्ट बंद असता कामा नये.

काम फ्यूम हूडमध्येच करायचं, म्हणजे बाहेर हवा ओढणाऱ्या काचेच्या कपाटात. तिथून बाकीचे द्रावक, कागद आणि पाण्याचे बीकर आधी हलवायचे. ५०० मिलिलिटरचा तीन तोंडांचा गोल बुडाचा फ्लास्क ओव्हनमध्ये कोरडा करून कोरड्या स्टीलच्या ट्रेवर बसवायचा. फ्लास्क फुटलाच तर सगळं त्या ट्रेमध्ये थांबलं पाहिजे. एका तोंडातून नायट्रोजन संथपणे आत येतो. दुसऱ्यावर कंडेन्सर आणि त्याच्या वर तेलाचा बबलर असतो. तिथून हायड्रोजन हूडमध्ये निघून जातो, पण हवा उलटी आत येत नाही. तिसऱ्या तोंडावर थेंब थेंब सोडणारं नरसाळं, म्हणजे ड्रॉपिंग फनेल. कंडेन्सरमधून पाणी वाहत असेल तर त्याच्या रबरी नळ्या तारेने आवळलेल्या आहेत ना, हे दोनदा पाहावं. निसटलेली नळी थेट सोडियमवर पाणी सोडू शकते.

तुकडे केरोसीनमधून चिमट्याने काढून कोरड्या हेक्झेन किंवा हेप्टेनमध्ये विसळायचे. मोठे तुकडे त्याच द्रवाने ओले असताना सुरीने कापून हरभऱ्याच्या डाळीएवढे करायचे. कापताना आतली चकाकी दिसली पाहिजे. जुनी साल जाड असते, तिच्यात हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट असतात आणि अल्कोहोल तिच्यातून सहज आत जात नाही. तुकडे फ्लास्कमध्ये घालून ते बुडतील इतकं कोरडं टोल्युइन ओतलं, तरी सोडियम तळाशीच राहतं, कारण टोल्युइनची घनता ०.८७ आहे. या मिश्रणाला बाहेरून उष्णता देऊ नये. टोल्युइन ११० अंशांना उकळतं, म्हणजे नकळत तापमान ९८च्या पुढे गेलं तर सोडियम वितळेल आणि मग अल्कोहोलचा एक थेंबही नको तेवढा वेग पकडेल.

नायट्रोजन काही मिनिटं वाहू दिल्यावर आयसोप्रोपेनॉलचे पहिले थेंब सोडायचे आणि थांबायचं. तुकड्यांवर बुडबुड्यांची बारीक साखळी दिसते, बबलर थोडा जोरात गुडगुडतो, फ्लास्क कोमट होतो. हे ओसरत आलं की पुढचे थेंब सोडायचे. अनुभवी हात फनेलची चावी बबलरच्या आवाजावर चालवतो. पहिला अर्धा तास असाच जातो. मग आयसोप्रोपेनॉलच्या जागी इथेनॉल घ्यायचं, म्हणजे वेग टिकून राहतो.

बर्फाच्या भांड्यात फ्लास्क ठेवण्याची सवय पुष्कळांना असते आणि ती सुरक्षित वाटते. माझं मत तिच्या विरुद्ध आहे. एक तर बर्फ म्हणजे फ्लास्कच्या काचेपलीकडे ठेवलेलं पाणीच. त्याहून मोठी गोष्ट अशी की, जास्त थंडावलेल्या फ्लास्कमध्ये अभिक्रिया जवळजवळ थांबते. बुडबुडे कमी दिसतात म्हणून करणारा आणखी अल्कोहोल सोडतो. ते सगळं आत साठतं. नंतर बर्फ वितळला किंवा ढवळणी सुरू केली, की साठलेलं सगळं एकदम पेटून उठतं, फेस कंडेन्सरपर्यंत चढतो आणि फनेल उडू शकतं. म्हणून थंडावण्यापेक्षा थेंब कमी सोडणं केव्हाही चांगलं. गरम होऊ लागलं तर आधी फनेल बंद करायचं, मग वाट पाहायची.

तुकडे अगदी थोडे असतील, म्हणजे एका प्रात्यक्षिकाच्या दिवशीचा ग्रॅमभराच्या आतला चुरा, तर एवढी मांडणी लागत नाही. रुंद तोंडाच्या कोरड्या बीकरमध्ये भरपूर कोरडं आयसोप्रोपेनॉल घ्यायचं आणि हूडमध्ये एकेक कण चिमट्याने त्यात सोडायचा. पहिला पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरा नाही. इथे धातू अल्कोहोलमध्ये जाते, अल्कोहोल धातूवर जात नाही. पण कोणत्याही क्षणी न विझलेली धातू एका कणाएवढीच असते, म्हणून पद्धत सुरक्षित आहे. टिपकागदाचे तुकडेही याच बीकरमध्ये टाकायचे. सुरी आणि चिमटा नळाखाली धरण्याआधी आयसोप्रोपेनॉलमध्ये बुडवून ठेवायचा. टिपकागद कचऱ्याच्या डब्यात गेला तर त्यावरचा बारीक चुरा दमट हवेत तापतो, आणि कागद तर तिथे असतोच. पावसाळ्यात कोकणातल्या किंवा मुंबईच्या प्रयोगशाळेत हा धोका खरा असतो.

अल्कोहोलच्या संथपणामुळे आपण वाचतो, पण फसवणूकही त्याच संथपणातून होते. तास-दीड तासाने बुडबुडे थांबतात, द्रव शांत होतो आणि काम झालं असं वाटतं. पुष्कळ वेळा ते झालेलं नसतं. सोडियम आयसोप्रोपॉक्साइड अल्कोहोलमध्ये फारसं विरघळत नाही. ते धातूच्या भोवती पांढऱ्या चिकट थरासारखं बसतं, कधी सगळं मिश्रणच लापशीसारखं घट्ट होतं आणि चुंबकी ढवळणी अडकते. आत चकचकीत धातूचा गाभा तसाच असतो. या अवस्थेत कोणी ‘संपलं’ समजून पाणी ओतलं तर पाणी ते क्षार लगेच विरघळवतं, गाभा उघडा पडतो आणि सोडियम-पाण्याचा खेळ बंद फ्लास्कमध्ये सुरू होतो. भोवती उकळतं अल्कोहोल असतं, वर हायड्रोजन. क्वेंचिंगच्या वेळी लागणाऱ्या आगींचं हे नेहमीचं कारण आहे.

खरोखर संपलं हे ओळखण्याचे मार्ग साधे आहेत, पण ते क्रमाने करावे लागतात. ढवळणी थांबवून फ्लास्कच्या तळाशी बॅटरीच्या उजेडात पाहायचं. राखाडी-चंदेरी कण, किंवा एखाद्या पांढऱ्या ढेकळातून निघणारी बुडबुड्यांची बारीक रेघ दिसली तर काम बाकी आहे. मिश्रण घट्ट झालं असेल तर जास्तीचं इथेनॉल घालून ते पातळ करायचं. इथेनॉलमध्ये सोडियमचं क्षार अधिक चांगलं विरघळतं. मग मिथेनॉलचे थेंब सोडायचे. मिथेनॉल चपळ असल्यामुळे उरलेली धातू लपून राहत नाही, लगेच बुडबुडे दिसतात. मिथेनॉल घालून ढवळल्यावर अर्धा तास काहीच हालचाल नसेल आणि द्रव स्वच्छ किंवा एकसारखा दुधी असेल, तरच पाण्याची पाळी. पाणीसुद्धा आधी अल्कोहोलमध्ये मिसळून, थेंबाथेंबानेच. नायट्रोजन या शेवटच्या पायरीपर्यंत चालू ठेवायचा. पुष्कळदा लोक तो इथेच बंद करतात.

पाण्यानंतर उरतं ते तीव्र अल्कली द्रावण. ५ ग्रॅम सोडियमचं जवळजवळ ९ ग्रॅम कॉस्टिक सोड्यात रूपांतर झालेलं असतं. ते डोळ्यांत गेलं तर धातूइतकंच नुकसान करतं. गार झाल्यावर त्यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल सावकाश घालून पीएच कागदावर ६ ते ८च्या दरम्यान आणायचं आणि क्लोरीनरहित सेंद्रिय द्रावकांच्या टाकाऊ बाटलीत भरायचं. त्याच दिवशी बाटलीचं झाकण घट्ट आवळू नये.

लिथियमला हेच नियम लावले तर दोन-तीन ठिकाणी चूक होते. त्याचा वितळबिंदू १८० अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे ते अल्कोहोलमध्येच नव्हे, पाण्यातही वितळत नाही. सोडियमपेक्षा ते संथ विरघळतं. म्हणून लोक त्याला सौम्य समजतात. पण लिथियमचा अणू फार हलका आहे. एका ग्रॅममध्ये सोडियमच्या तिपटीहून जास्त अणू मावतात. म्हणूनच त्या पुस्तकात एका ग्रॅम लिथियमसाठी ३० मिलिलिटर इथेनॉल सांगितलं आहे, आणि एका ग्रॅमपासून सुमारे पावणेदोन लिटर हायड्रोजन निघतो. संथ असलं तरी एकूण हिशोब मोठा आहे. फ्लास्क आणि वेळ त्याच प्रमाणात ठेवायला हवेत.

दुसरा फरक घनतेचा. लिथियमची घनता ०.५३ आहे. ते पाण्यावर तरंगतं, अल्कोहोलवर तरंगतं, हेक्झेनवरही तरंगतं. सोडियमला बुडाल्यामुळे जे संरक्षण मिळतं, ते लिथियमला मिळतच नाही. ते नेहमी पृष्ठभागावर, नेमकं हायड्रोजनच्या शेजारी असतं. म्हणून त्याच्यासाठी वरचा निष्क्रिय वायू अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि तो नायट्रोजन असून चालत नाही. लिथियम खोलीच्या तापमानालाही नायट्रोजनशी संयोग पावून लिथियम नायट्राइड तयार करतं. त्याचा काळपट थर धातूवर चढतो. अल्कोहोल किंवा पाणी लागलं की त्यातून अमोनिया सुटतो, आणि क्वेंचिंगच्या वेळी अमोनियाचा वास आला तर नायट्राइड आहे हे कळतं. लिथियमसाठी आर्गॉन वापरावा. इथे सुरुवातीलाच इथेनॉल चालतं. आयसोप्रोपेनॉलने सुरुवात केली तर दिवस संपतो आणि तुकडे संपत नाहीत.

या सगळ्या पद्धतीला स्पष्ट मर्यादा आहेत. पोटॅशियमचे जुने तुकडे, ज्यांवर पिवळा किंवा नारिंगी थर चढला आहे, त्यांना सुरी लावू नये. तो थर सुपरऑक्साइडचा असतो आणि आतल्या धातूशी किंवा भोवतालच्या तेलाशी घासल्याने स्फोट होऊ शकतो. असे तुकडे हलवूही नयेत, तज्ज्ञांना बोलवावं. सोडियम किंवा लिथियम डायक्लोरोमिथेन, क्लोरोफॉर्म यांसारख्या क्लोरीनयुक्त द्रावकांच्या संपर्कात आल्यास स्फोट होऊ शकतो. म्हणून चुरा हॅलोजन टाकाऊच्या बाटलीत कधीच टाकू नये. आग लागली तर नेहमीचा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक उपयोगाचा नाही, कारण तापलेली धातू त्या वायूशीही अभिक्रिया करते. सोडियमसाठी कोरडी वाळू किंवा कोरडा सोडा ॲश हाताशी ठेवावा. लिथियम पेटलेलं असताना वाळूशीही अभिक्रिया करतं, त्याच्यासाठी ग्राफाइटची भुकटी हवी. हे साहित्य काम सुरू होण्याआधी हूडच्या शेजारी उघडून ठेवलेलं असावं.

करणाऱ्याच्या अंगावर सुती कपडे आणि सुती लॅब कोट असावा. पॉलिस्टरची ओढणी किंवा शर्ट आगीत वितळून कातडीला चिकटतो. डोळ्यांवर गॉगल आणि त्यावर चेहरा झाकणारी ढाल. हातमोजे कोरडे हवेत. दुसरी व्यक्ती खोलीत असली पाहिजे, आणि तिला अग्निशामक साहित्य कुठे आहे हे ठाऊक असलं पाहिजे. संध्याकाळी विभाग रिकामा होत असताना हे काम सुरू करू नये, कारण घाईत पाणी लवकर ओतलं जातं.

किती प्रमाण स्वतः विझवायचं, याबद्दल मी काटेकोर आहे. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत एका वेळी ५ ग्रॅमच्या वर जाऊ नये. मोठ्या बाटलीभर जुनं सोडियम निघालं, तर ते केरोसीनखाली, पूर्ण लेबल लावून, भारत सरकारच्या २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे द्यावं. महाराष्ट्रात तळोजासारख्या ठिकाणी अशी केंद्रं आहेत. मोठं प्रमाण अनेक फेऱ्यांमध्ये विभागून स्वतःच उरकण्याचा मोह होतो. प्रत्येक फेरीत लक्ष थोडं सैल होतं, म्हणून तो टाळावा.

सर्वांत चांगला उपाय तुकडे साठूच न देण्याचा आहे. १९९६ पासून सोडियमऐवजी ॲल्युमिनाच्या स्तंभांतून द्रावक कोरडे करण्याची पद्धत उपलब्ध आहे. तिच्यामुळे कित्येक संशोधन प्रयोगशाळांमधली सोडियमची उकळती भांडी बंद झाली. लासेनच्या चाचणीसाठी सोडियम लागणारच. ज्यांच्या हाती अशा प्रयोगशाळेची जबाबदारी आहे, त्यांना एवढीच विनंती की, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी, विद्यार्थ्यांना तुकडे शिक्षकांच्या समोर कापून द्यावेत आणि त्या दिवशीचा चुरा, साल आणि टिपकागद आयसोप्रोपेनॉलच्या बीकरमध्ये टाकल्याशिवाय प्रात्यक्षिक संपलं असं समजू नये.